कव्हर लेटरमध्ये आयगेनव्हॅल्यूंचा प्रकल्प कसा मांडावा? (मसुदा दिला आहे, चुका दाखवा)

कोरा_आलेख

संख्याशास्त्रात पदवी झाली आहे, अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी अर्ज करते आहे. जाहिरातीत 'सर्व्हे डेटावर काम केलेले असावे' असं स्पष्ट लिहिलंय, म्हणून पत्रात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प घेतला. एका वाचनालयाच्या 412 सभासदांचा सर्व्हे होता, 14 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. पत्राचा मधला परिच्छेद असा आहे:

> "मी सर्व्हेतील 14 प्रश्नांच्या सहसंबंध मॅट्रिक्सचे आयगेन विघटन केले. 1 पेक्षा मोठ्या आयगेनव्हॅल्यू असलेले 3 घटक निवडले. हे घटक 71% अचूकतेने सभासदांचे समाधान स्पष्ट करतात. यासाठी मी आर, पायथन आणि एक्सेल या साधनांचा प्रभावी वापर केला."

परिच्छेद फार तांत्रिक झालाय की फार त्रोटक, हेच कळत नाही. कोणी वाचून सांगाल का?

पानगळ

भाषा चांगली आहे. पण या विद्यापीठात हाच विषय का निवडला, ते कारण पहिल्या परिच्छेदात हवं. दोन शिफारसपत्रंही जोडा.

कोरा_आलेख

@पानगळ, प्रवेशासाठी नाही, नोकरीसाठी आहे हे पत्र.

निळी_शाई

अशा जागांचे अर्ज चाळण्याचं काम माझ्याकडे असतं, त्या नजरेने सांगते. चार वाक्यांत तुम्ही काय *चालवलंत* ते कळलं. काय *ठरवलंत* ते कळलं नाही. तीन घटक निघाले, बरं, मग पुढे? वाचनालयाने त्या तीन घटकांचं काय करायचं होतं? शेवटचं वाक्य काढूनच टाका, साधनांची नावं बायोडेटात असतातच.

आणि '71% अचूकतेने' वाचून मी तिथेच थांबले असते. इथे अचूकता कुठून आली?

मध्यक

निळी_शाई यांनी नेमकं बोट ठेवलं. 14 प्रश्नांच्या सहसंबंध मॅट्रिक्सच्या कर्णावर 14 वेळा 1 असतो, म्हणून सगळ्या आयगेनव्हॅल्यूंची बेरीज 14 येते. पहिल्या तिघांची बेरीज भागिले 14, एवढाच त्या 71% चा अर्थ. 14 प्रश्नांच्या उत्तरांत जो एकूण चढउतार आहे त्यातला 71% तीन अक्षांवर मावतो. यात कुठलाही अंदाज बांधलेला नाही, त्यामुळे तो बरोबर आला की चूक हा प्रश्नच उद्भवत नाही. 'समाधान स्पष्ट करतात' हेही चालणार नाही, समाधान वेगळं मोजलेलंच नाही.

पण त्याआधी एक विचारतो. सगळ्या 412 जणांनी 14 च्या 14 प्रश्नांची उत्तरं दिली होती का? आणि सगळ्यात लहान आयगेनव्हॅल्यू किती आली?

कोरा_आलेख

नाही. शेवटचे 4 प्रश्न ई-पुस्तकांबद्दल होते आणि ते फक्त ई-पुस्तकं वापरणाऱ्यांनाच विचारले होते, अशी 148 माणसं होती. बाकी तुरळक रिकाम्या जागा. मी हे वापरलं:

```r
R <- cor(d, use = "pairwise.complete.obs")
eigen(R)$values
```

सगळ्यात लहान आली -0.06. एकत्रित टक्केवारीच्या रकान्यात तेराव्या ओळीला 100.4 दिसलं होतं, राउंडिंगमुळे असेल असं समजून मी पुढे गेले.

तिरकी_रेघ

ऋण आयगेनव्हॅल्यू म्हणजे मॅट्रिक्स किंचित बिघडलंय. `Matrix` पॅकेजमधलं `nearPD` लावा, जवळचं चांगलं मॅट्रिक्स मिळतं आणि काम होतं. बाकी 1 पेक्षा मोठे तेवढे घटक ठेवायचे, नियमच आहे तो. परिच्छेद ठीक आहे.

मध्यक

@तिरकी_रेघ, `nearPD` चालेल, आकडे धन होतील, पण बिघाड का झाला ते झाकलं जाईल. इथे कारण महत्त्वाचं आहे.

'पेअरवाइज' म्हणजे प्रत्येक जोडीसाठी ज्यांनी ते दोन्ही प्रश्न सोडवले तेवढेच लोक घ्यायचे. पहिल्या 10 प्रश्नांतले सहसंबंध जवळजवळ 412 माणसांवरून आले, ई-पुस्तकांशी जोडी लागली की 148 वरून. दोन वेगळ्या गटांतून मोजलेले आकडे एकाच मॅट्रिक्समध्ये शेजारी बसवले. ते एकमेकांशी जुळतीलच याची हमी नाही. तीन प्रश्नांवर बघा म्हणजे डोळ्यांना दिसेल. अ-ब 0.9, अ-क 0.9 आणि ब-क 0.5:

```r
R <- matrix(c(1,.9,.9, .9,1,.5, .9,.5,1), 3)
round(eigen(R)$values, 3)
# 2.547  0.500 -0.047
```

ब आणि क दोघेही अ ला इतके चिकटून असतील, तर त्यांचा आपापसातला सहसंबंध 0.62 च्या खाली जाऊच शकत नाही. 0.81 मधून 0.19 वजा केले की ही मर्यादा मिळते. एकाच गटातल्या माणसांकडून 0.5 कधीच येणार नाही. आला, म्हणजे माणसं वेगवेगळी आहेत. ऋण आकडा तेच सांगतो आहे. आयगेनव्हॅल्यू म्हणजे त्या अक्षावरचा व्हेरिअन्स, आणि शून्यापेक्षा कमी व्हेरिअन्स म्हणजे काय?

तुमचं 100.4 तिथूनच आलं. शेवटची -0.06 असेल तर आधीच्या 13 ची बेरीज 14.06 व्हायलाच हवी. 14.06 भागिले 14 करून बघा.

शेवंती

माझ्याकडेही ऋण येतात! 32 जणांचा सर्व्हे, 40 प्रश्न, एकही उत्तर रिकामं नाही. तरी शेवटच्या आठ-नऊ आयगेनव्हॅल्यूंपैकी काही `-3e-16` अशा दिसतात. म्हणजे माझाही डेटा दोन गटांतला आहे का?

मध्यक

@शेवंती, नाही, तुमची गोष्ट वेगळी. 32 माणसांच्या उत्तरांतून सरासरी वजा केली की जास्तीत जास्त 31 स्वतंत्र दिशा उरतात. 40 पैकी किमान 9 आयगेनव्हॅल्यू शून्य असणारच. संगणक ते शून्य दशांशाच्या सोळाव्या घराच्या आसपास कधी धन, कधी ऋण दाखवतो. `-3e-16` म्हणजे शून्य. -0.06 म्हणजे शून्य नाही. तुमची खरी अडचण दुसरी आहे: माणसांपेक्षा प्रश्न जास्त आहेत, तेव्हा पहिल्या काही मोठ्या आयगेनव्हॅल्यूंवरही भरवसा ठेवू नका. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कोरा_आलेख

आता लक्षात आलं. मग ते 4 प्रश्न काढून टाकू? की 148 जणांवरच सगळं करू?

मध्यक

'विचारलाच नाही' आणि 'उत्तर दिलं नाही' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अंदाजाने भरायचं नसतं, ई-पुस्तक न वापरणाऱ्याचं ई-पुस्तकाबद्दल मत नसतंच. सगळ्यांना विचारलेले 10 प्रश्न घेऊन मुख्य विश्लेषण करा, ज्यांचे दहाही भरलेले आहेत तेवढेच लोक घ्या. ई-पुस्तकांचे 4 प्रश्न 148 जणांपुरते वेगळे बघा.

घटक किती ठेवायचे यासाठी 1 ची रेषा सोडा. कैसर यांचा 1960 चा निकष आहे तो, पण नमुना मर्यादित असला की निव्वळ योगायोगानेही पहिल्या काही आयगेनव्हॅल्यू 1 च्या वर जातात. हॉर्न यांनी 1965 मध्ये याला उपाय सुचवला: तेवढ्याच आकाराच्या यादृच्छिक डेटाच्या आयगेनव्हॅल्यूंशी आपल्या ताडून बघायच्या. त्याचंच नंतरचं एक रूप वापरा: स्वतःच्या डेटाचे रकाने वेगवेगळे पिसायचे, म्हणजे प्रश्नांमधलं नातं तुटतं, आणि तशा डेटाशी तुलना करायची.

```r
set.seed(1)
s <- replicate(1000, eigen(cor(apply(d10, 2, sample)))$values)
apply(s, 1, quantile, 0.95)
```

कोरा_आलेख

केलं. दहाही उत्तरं पूर्ण असलेले 396 जण निघाले. माझ्या आयगेनव्हॅल्यू: 4.10, 1.70, 1.08, 0.72, 0.61, 0.52, 0.43, 0.35, 0.28, 0.21. बेरीज 10, ऋण एकही नाही. पिसलेल्या डेटाच्या पहिल्या तीन आल्या 1.32, 1.23, 1.16.

म्हणजे तिसरी 1 च्या वर असूनही योगायोगाच्या रेषेखाली. पण तिसऱ्या व्हेक्टरचा अर्थ इतका स्वच्छ लागतोय की सोडवत नाही. त्यात दोनच प्रश्न मोठे आहेत, 'हवं ते पुस्तक शोधायला फार वेळ लागतो' (0.62) आणि 'मुदतवाढ मिळवणं कटकटीचं आहे' (0.58). मी त्याला 'अडचणी' असं नाव दिलं होतं.

उलट पहिल्या व्हेक्टरमध्ये 'कर्मचारी मदत करतात' याचा आकडा फक्त 0.41 आहे. तो प्रश्न कमजोर म्हणून काढावा का?

तिरकी_रेघ

दहांपैकी हे दोनच प्रश्न नकारार्थी आहेत ना? गुण उलटे केले नसतील, म्हणून तिसरा घटक आला. 6 मधून गुण वजा करा, घटक जाईल.

मध्यक

दुखणं ओळखलंत, औषध चुकलं. एखाद्या प्रश्नाचे गुण उलटे केले की मॅट्रिक्समधल्या त्याच्या ओळीची आणि रकान्याची चिन्हं बदलतात, आयगेनव्हॅल्यू जशाच्या तशा राहतात. 1.08 चा 1.08 च राहील. व्हेक्टरमधल्या त्या प्रश्नाचं चिन्ह फक्त पालटेल. गुण उलटे जरूर करा, पुढे बेरजा करायच्या तर ते लागेलच. पण तिसरा घटक त्याने हलणार नाही.

कोरा_आलेख, दोन गोष्टी बघा. एक, गुण उलटे केल्यावर या दोन प्रश्नांचा आपापसातला सहसंबंध किती आहे, आणि 'शोधायला वेळ लागतो' याचा 'पुस्तकांची मांडणी सोपी आहे' याच्याशी किती. विषयाने शोधणं आणि मांडणी सख्खे शेजारी, मुदतवाढीचा शोधण्याशी काहीच संबंध नाही. दुसरं, मूळ डेटात दहाही प्रश्नांना एकच आकडा देणारे किती जण आहेत ते मोजा. वाक्य न वाचता सगळीकडे 4 वर खूण करणारा माणूस नकारार्थी प्रश्नांवर उघडा पडतो.

0.41 बद्दल: आयगेनव्हेक्टरमधल्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज 1 असते. 10 प्रश्न सारख्याच वजनाचे असते तर प्रत्येकाला 0.32 च्या आसपास मिळाले असते. त्या प्रश्नाचा घटकाशी सहसंबंध हवा असेल तर आयगेनव्हॅल्यूच्या वर्गमुळाने गुणा: 4.10 चं वर्गमूळ 2.02, म्हणून 0.83. काढायला निघालात तो तुमचा जवळजवळ सगळ्यात ताकदीचा प्रश्न असेल!

कोरा_आलेख

उलटे केल्यावर त्या दोघांत 0.52, शोधणं आणि मांडणीत फक्त 0.24. एकच आकडा सगळीकडे देणारे 23 निघाले. ते वगळून 373 जणांवर पुन्हा चालवलं तर तिसरी 0.94 वर उतरली, पहिल्या दोन फारशा हलल्या नाहीत.

म्हणजे 'अडचणी' हा घटक सभासदांच्या अनुभवातून आलेलाच नव्हता, प्रश्नांच्या शब्दरचनेतून आला होता.

मध्यक

बऱ्याच अंशी. एकाच सर्व्हेवरून पक्कं म्हणता येणार नाही, कारण तेच दोन प्रश्न सरळ शब्दांत विचारून कोणी पाहिलेलं नाही. आणि त्या 23 जणांना गुपचूप वगळू नका. त्यांच्यात कोणी खरोखर सगळ्यावर 3 च म्हणणारा असू शकतो. 'वगळून आणि ठेवून, दोन्ही वेळा दोनच घटक उरले' हे म्हणता येतं, तेच लिहा.

तळटीप

एक हरकत नोंदवतो. 1 ते 5 गुण म्हणजे क्रम, अंतर नव्हे. त्यावर साधा सहसंबंध काढून पीसीए केलेलं मला पटत नाही. पॉलीकोरिक सहसंबंध घ्या आणि 'घटक' म्हणायचं असेल तर फॅक्टर अ‍ॅनालिसिस करा. पीसीए प्रत्येक प्रश्नाचा स्वतःचा गोंगाटही व्हेरिअन्समध्ये धरतं.

मध्यक

फॅक्टर अ‍ॅनालिसिसबद्दल सहमत. पॉलीकोरिकबद्दल तितकासा नाही. पाच पायऱ्या आहेत आणि उत्तरं एका टोकाला फार गोळा झालेली नाहीत, तर साध्या सहसंबंधाने निष्कर्ष सहसा बदलत नाही. शिवाय पॉलीकोरिक मॅट्रिक्स जोडीजोडीने काढलं जातं, म्हणून तेही ऋण आयगेनव्हॅल्यू देऊ शकतं. आपण पुन्हा तिथेच येऊ.

तळटीप

उत्तरं एका टोकाला गोळा झाली नाहीत हे तुम्ही गृहीत धरलंत. समाधानाच्या सर्व्हेत 4 आणि 5 चाच ढीग असतो.

निळी_शाई

हा वाद चालू ठेवा, पण पत्राकडे वळू. आता सांगण्यासारखं काहीतरी हातात आलंय. कोरा_आलेख, दोन घटक कोणते आणि वाचनालयाला त्यातून काय दिलंत, तेवढं लिहा. पहिलं वाक्य असं हवं की संख्याशास्त्र न शिकलेला माणूसही पुढे वाचेल.

कोरा_आलेख

पहिल्या घटकात दहाही प्रश्न एकाच दिशेला आहेत, म्हणजे एकंदर समाधान. दुसऱ्यात बसायची जागा, उजेड आणि शांतता एका बाजूला, कर्मचारी आणि देवघेव दुसऱ्या बाजूला. नवा मसुदा:

> "एका वाचनालयाला 412 सभासदांच्या सर्व्हेतून एकच समाधान-गुण हवा होता. माझ्या विश्लेषणातून दिसले की एका गुणाने काम भागणार नाही, कारण जागेबद्दलचे मत आणि सेवेबद्दलचे मत सभासदांमध्ये वेगवेगळे बदलते. सर्वांना विचारलेल्या 10 प्रश्नांची पूर्ण उत्तरे देणाऱ्या 396 जणांच्या सहसंबंध मॅट्रिक्सचे आयगेन विघटन केले. पहिल्या दोन घटकांवर एकूण व्हेरिअन्सपैकी 58% येतो. तिसरी आयगेनव्हॅल्यू 1.08 होती, पण रकाने पिसून केलेल्या 1000 फेऱ्यांशी तुलना करता (मर्यादा 1.16) ती योगायोगापलीकडची ठरली नाही, म्हणून तो घटक घेतला नाही. त्यावर मुख्यतः दोन नकारार्थी प्रश्न होते. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणारे 23 जण वगळूनही दोनच घटक उरतात. वाचनालयाला मी दोन स्वतंत्र गुण आणि त्या दोन प्रश्नांची सरळ शब्दांतली नवी वाक्ये दिली."

ऋण आयगेनव्हॅल्यूचा किस्सा घालू का? 'आधीच्या मॅट्रिक्समध्ये ऋण आयगेनव्हॅल्यू आली, कारण शोधल्यावर 4 प्रश्न सर्वांना विचारलेच नव्हते हे लक्षात आले' असं एक वाक्य?

निळी_शाई

मी घालणार नाही. पत्र पानभरात मावायला हवं, आणि पहिल्या चाळणीला बसणाऱ्याला 'ऋण' वाचून 'चूक केली होती' एवढंच कळेल. मुलाखतीसाठी ठेवा.

मध्यक

मी घालेन. या सगळ्या प्रकल्पात डेटा बघून काहीतरी पकडल्याचं ते एकमेव ठिकाण आहे. तिसरा घटक सोडणं कोणीही कोड चालवून सांगेल. -0.06 दिसल्यावर सर्व्हेची प्रश्नावली उघडून कोणाला काय विचारलं होतं ते तपासणं, हे अ‍ॅनालिस्टचं रोजचं काम आहे.

एक दुरुस्ती मात्र हवीच. दुसरा घटक 'जागा विरुद्ध सेवा' असा फरकाचा आहे, त्यातून थेट दोन गुण निघत नाहीत. तुम्ही गुण कसे काढलेत? त्या-त्या प्रश्नांची सरासरी घेतली असेल तर तसंच लिहा. व्हॅरिमॅक्सने अक्ष फिरवले असतील तर तसं लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

कोरा_आलेख

सरासरीच घेतली: जागेचे 3 प्रश्न, सेवेचे 5. दोन्ही नकारार्थी प्रश्न वगळले. शेवटचं वाक्य बदलते: 'जागेच्या 3 आणि सेवेच्या 5 प्रश्नांच्या सरासरीतून दोन स्वतंत्र गुण दिले.'

तळटीप

'स्वतंत्र' शब्द काढा. पहिला घटक 41% आहे म्हणजे या दोन सरासऱ्यांत चांगलाच सहसंबंध असणार. 'वेगवेगळे' म्हणा.

कोरा_आलेख

आत्ताच काढून पाहिला, 0.45 आहे. 'वेगवेगळे' केलं. ऋण आयगेनव्हॅल्यूचं वाक्य सध्या ठेवलंय, पत्र पानाबाहेर गेलं तर ते आधी काढेन.